चाळीस गुणांची वाटणी

रविवारच्या दीनी वर्गाची वार्षिक प्रश्नपत्रिका काढण्याचे काम यंदा आम्हा चौघांकडे आले. पनवेलच्या आमच्या वस्तीत कोकणी घरे आहेत, तशीच मराठवाड्यातून आणि घाटावरून येऊन स्थायिक झालेली घरेही आहेत. मुले बहुतेक मराठी शाळेत जाणारी. शनिवार-रविवारी ती मशिदीशेजारच्या खोलीत दीनियात शिकायला येतात. ही प्रश्नपत्रिका दहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या गटाची होती. गटात सत्तावीस मुले-मुली. आम्हा चौघांत एक आपा, ज्यांनी तीस वर्षे मराठी शाळेत शिकवून निवृत्ती घेतली. एक मौलाना साहेब. एक कोकणी खाला, ज्या मुलींना कुरआन शिकवतात. आणि हिशेबाचे काम जमणारा एक तरुण.

प्रश्न लिहायला बसण्याआधी आपांनी गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागवली आणि लाल पेनाने तिच्यातले गुण मोजायला लावले. कोणता प्रश्न कोणत्या विषयाचा, एवढेच मोजायचे. चाळीसपैकी सीरतला बावीस गुण, इबादतला दहा, अकाइदला सहा, सुरहांना दोन. अखलाक आणि आदाब, म्हणजे खरे बोलणे, अमानत सांभाळणे, आई-वडिलांशी आणि शेजाऱ्यांशी वागणे, यांना शून्य. दुसऱ्यांदा मोजताना आम्ही पाहिले की प्रत्येक गुणासाठी मुलाने नेमके काय करायचे आहे. चौतीस गुण नुसते आठवण्याचे होते : नाव लिहा, सन लिहा, संख्या लिहा. सहा गुणांसाठी थोडे समजावून सांगायचे होते. शिकलेले कुठे वापरून दाखवायचे, असा एकही गुण नव्हता.

ज्यांनी ती काढली त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. सीरतवर प्रश्न काढणे सोपे असते, कारण तिथे नावे आणि सन तयार मिळतात. घाईत बसलेला माणूस जे सोपे सुचते तेच लिहीत जातो आणि चाळीस भरले की थांबतो. पण त्याचा परिणाम एका घरात आम्ही पाहिला होता. गेल्या वर्षी एका मुलाला त्या पत्रिकेत तेरा गुण मिळाले. त्याला सन लक्षात राहत नाहीत. पण वर्गात वुजू सर्वांत नीट तोच करतो, आणि धाकट्या मुलांना रांगेत उभे करायला मौलाना साहेब त्यालाच सांगतात. निकालानंतर तो महिनाभर आला नाही. त्याची अम्मी आपांना म्हणाली, "दीनमध्येच नापास झाला, आता काय सांगू त्याला?" तो दीनमध्ये नापास झाला नव्हता. त्याला जे येत होते ते कुणी विचारलेच नव्हते.

म्हणून यंदा आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. आधी गुणांची वाटणी, मग प्रश्न. शिक्षकांच्या भाषेत याला संविधान तक्ता म्हणतात. देशाच्या संविधानाशी त्याचा संबंध नाही. प्रश्नपत्रिका कशी बांधायची याचा तो आराखडा असतो. त्यात तीन गोष्टी ठरवायच्या : कोणत्या घटकाला किती गुण, कोणत्या क्षमतेला किती गुण, आणि कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना किती गुण. तिन्ही बेरजा एकच आल्या पाहिजेत.

घटकांचे गुण ठरवताना वाद होणार हे उघड होते. मौलाना साहेबांना अकाइद जास्त हवे होते, खालांना सुरहा. आपांनी हजेरीची वही उघडली. वर्षभरात साठ तासिका झाल्या होत्या. अकाइदला नऊ, इबादतला एकवीस, सीरतला बारा, अखलाकला नऊ, सुरहा व त्यांच्या अर्थाला नऊ. साठ तासिकांना चाळीस गुण, म्हणजे दीड तासिकेला एक गुण. गुण वेळेच्या प्रमाणात द्यायचे, हा नियम सर्वांनी मान्य केला, कारण त्यात कुणाच्या आवडीचा प्रश्न उरत नाही. ज्यावर वर्गाने वेळ दिला तेच मुलाला विचारायचे. एखादा विषय महत्त्वाचा वाटत असेल आणि त्याला तासिका कमी मिळाल्या असतील, तर त्याचा उपाय पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात करायचा. यंदाच्या प्रश्नपत्रिकेत तो करू गेलो तर दंड मुलाला होतो.

क्षमता आम्ही तीनच धरल्या. १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सहा पायऱ्या मांडल्या होत्या आणि शिक्षणशास्त्रात त्या आजही शिकवल्या जातात. दहा वर्षांच्या मुलाच्या दीनियातसाठी आठवणे, समजणे आणि वापरणे एवढ्या तीन पुरतात. आठवण्याला चौदा, समजण्याला चौदा आणि वापरण्याला बारा गुण ठेवले. आठवणे कमी लेखायचे नव्हते. फजरच्या फर्ज रकाती दोन हे पाठच असावे लागते. तिथे विचार करत बसण्यात अर्थ नाही.

यातून तयार झालेला तक्ता असा :

| घटक | तासिका | गुण | आठवणे | समजणे | वापरणे |
|---|---|---|---|---|---|
| अकाइद | ९ | ६ | ३ | ३ | ० |
| इबादत | २१ | १४ | ५ | २ | ७ |
| सीरत | १२ | ८ | २ | ६ | ० |
| अखलाक व आदाब | ९ | ६ | १ | ० | ५ |
| सुरहा व अर्थ | ९ | ६ | ३ | ३ | ० |
| एकूण | ६० | ४० | १४ | १४ | १२ |

यात काही ठिकाणी शून्य आहे, आणि ते जाणूनबुजून ठेवले आहे. प्रत्येक चौकट भरलीच पाहिजे असे नाही. सीरतमधला प्रसंग मुलाने समजून घ्यावा हे रास्त आहे. पण त्या प्रसंगाचा आपल्या आयुष्यात वापर विचारायला गेलो की ते प्रश्न अखलाकचेच होतात. मग ते अखलाकमध्येच विचारलेले बरे.

तिसरी वाटणी प्रश्नांच्या प्रकारांची. एकेक गुणाचे दहा, दोन-दोन गुणांचे पाच, तीन-तीन गुणांचे चार आणि चार-चार गुणांचे दोन. दहा, दहा, बारा आणि आठ, मिळून चाळीस. प्रश्न झाले एकवीस. वेळ दीड तास होता. एका गुणाला एक मिनिट, दोन गुणांना तीन, तीन गुणांना सहा, चार गुणांना दहा मिनिटे धरली तर एकोणसत्तर मिनिटे होतात. उरलेली एकवीस मिनिटे वाचायला, थांबायला आणि पुन्हा पाहायला. आपा म्हणाल्या, "हळू लिहिणाऱ्या मुलाचे दीनचे ज्ञान कमी नसते. त्याला वेळ कमी पडला तर आपण त्याचे हस्ताक्षर तपासतो." या हिशेबासाठी आम्ही चौघांनी स्वतः घड्याळ लावून उत्तरे लिहून पाहिली आणि आम्हाला लागलेल्या वेळेच्या तिप्पट वेळ मुलांना दिला.

तक्ता झाला की प्रश्न लिहिणे सोपे होईल असे वाटते. ते अवघड होते, कारण आता पहिला सुचलेला प्रश्न चालत नाही. त्या चौकटीत बसणाराच लागतो. दोन-तीन प्रश्न कसे घडले ते सांगितले तर काम कसे चालते ते कळेल.

इबादतमध्ये "वापरणे" या चौकटीत तीन गुणांचा एक आणि चार गुणांचा एक प्रश्न हवा होता. पहिला मसुदा वुजूचा होता : खेळताना गुडघा फुटला, रक्त वाहिले, आता नमाजसाठी पुन्हा वुजू करावा लागेल का? प्रश्न चांगला वाटला. मग कोकणी खालांनी थांबवले. त्यांच्या घरी शाफई मसलक आहे, जसा कोकणातल्या बहुतेक मुस्लिम घरांत असतो. शाफई फिकहनुसार रक्त वाहिल्याने वुजू तुटत नाही. हनफी फिकहनुसार वाहते रक्त निघाले की वुजू तुटतो. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांनी दोन वेगळी उत्तरे लिहिली असती आणि दोन्ही आपापल्या घरी बरोबर ठरली असती. एकाचे उत्तर चूक ठरवले असते तर त्याने घरी जाऊन सांगितले असते की माझ्या वडिलांनी मला चुकीचे शिकवले.

त्यानंतर आम्ही प्रत्येक प्रश्न दोन्ही मसलकांच्या चाळणीतून काढला. "वुजूचे फर्ज किती?" हा तर सगळ्या जुन्या पत्रिकांत असतो. हनफी मूल चार लिहील; शाफई मूल सहा लिहील, कारण त्यांच्याकडे नियत आणि क्रम हेही फर्ज आहेत. अस्रची वेळ केव्हा सुरू होते, वित्र वाजिब की सुन्नत, रोज वापरातल्या सोन्याच्या दागिन्यांवर जकात आहे की नाही, हे सर्व त्याच जातीचे प्रश्न. मौलाना साहेबांनी एक साधा मार्ग सांगितला : जिथे फरक आहे तो वर्गात शिकवायचा, दोन्ही बाजू सांगायच्या, पण गुणांसाठी जे सर्वांत समान आहे तेच विचारायचे.

मग रक्ताच्या जागी आला जमातीचा प्रश्न. जोहरची फर्ज नमाज जमातीने चालू आहे. तुम्ही उशिरा पोहोचलात. इमाम साहेब तिसऱ्या रकातीत उभे असताना तुम्ही सामील झालात. त्यांनी सलाम फेरल्यावर तुम्ही काय कराल आणि का? उत्तर : इमामाबरोबर सलाम न फेरता उठायचे आणि राहिलेल्या दोन रकाती पूर्ण करायच्या, कारण दोनच मिळाल्या आहेत. उठून दोन रकाती पूर्ण करण्याला दोन गुण, कारणाला एक. या दोन रकातींत काय पढायचे याच्या तपशिलात मसलकांप्रमाणे फरक पडतो, म्हणून ते विचारलेच नाही. हे उत्तर पाठ करून येत नाही. रकात म्हणजे काय, ती केव्हा मिळाली असे धरायचे आणि इमामामागे उभे राहण्याचा अर्थ काय, हे कळल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

चार गुणांचा प्रश्न जकातीचा. एका माणसाकडे वर्षभर ऐंशी हजार रुपये रोख शिल्लक आहेत. ही रक्कम निसाबपेक्षा जास्त आहे आणि त्याच्यावर कर्ज नाही असे धरा. कामावर जायला तो साठ हजारांची स्वतःची मोटारसायकल वापरतो. त्याला किती जकात द्यावी लागेल? निसाबचा आकडा आम्ही मुलांकडे मागितला नाही. तो चांदीच्या भावाप्रमाणे बदलतो आणि तो काढणे हे या वयाचे काम नाही. गुणांची फोड प्रश्नासोबतच लिहून ठेवली. गाडी धरायची नाही हे ओळखले तर एक. रोजच्या वापरातल्या वस्तूवर जकात नाही हे कारण दिले तर एक. चाळिसावा भाग माहीत असला तर एक. दोन हजार हे उत्तर काढले तर एक.

इथे आमच्या हिशेबनीस तरुणाने विचारले की एखाद्याने गाडी मिळवून एक लाख चाळीस हजारांवर साडेतीन हजार काढले तर? अशा मुलाला शून्य देणे अन्याय आहे. त्याला चाळिसावा भाग माहीत आहे आणि त्याने मांडलेल्या रकमेवर हिशेबही बरोबर केला आहे. त्याला शेवटचे दोन गुण मिळतात, पहिले दोन जातात. ही फोड आधी लिहिली नसती तर पहिल्या उत्तरपत्रिकेला एक न्याय आणि पंचविसाव्या उत्तरपत्रिकेला दुसरा झाला असता. तपासणारा थकतो तेव्हा लिहून ठेवलेली फोडच त्याला सरळ ठेवते.

सीरतमधले सन आम्ही पूर्ण काढून टाकले नाहीत. एकेक गुणाचे दोन प्रश्न त्यांचेच आहेत. पण चार गुणांचा प्रश्न हुदैबियाच्या तहावर ठेवला. सन सहा हिजरीत हा तह झाला. मुसलमानांनी त्या वर्षी उमरा न करता परत जावे, मक्केहून कुणी मदीनेला आला तर त्याला परत पाठवावे, दहा वर्षे युद्ध करू नये, अशा त्याच्या अटी होत्या. प्रश्न असा : या तहातली एक अट लिहा, ती त्या वेळी तोट्याची का वाटली ते सांगा आणि पुढे काय घडले ते लिहा. अटीला एक, कारणाला एक, पुढे काय घडले याला दोन. युद्ध थांबल्यामुळे लोकांचे येणे-जाणे, भेटणे-ऐकणे सुरू झाले. हुदैबियाला हजरत मुहम्मद (स.) यांच्याबरोबर सुमारे चौदाशे सहाबा होते, दोन वर्षांनी मक्का जिंकताना सुमारे दहा हजार होते. मुलाने हे आकडे लिहिले नाहीत तरी चालेल. तहानंतरची शांतता आणि वाढलेली संख्या यांचा संबंध त्याने जोडला की दोन गुण.

जोड्या लावण्याच्या प्रश्नात आपांनी एक बारकी गोष्ट दाखवली. अकाइदमध्ये दोन गुणांसाठी चार आकाशी ग्रंथ आणि ते ज्यांच्यावर उतरले ते पैगंबर अशी जोडी होती : तौरात, जबूर, इंजील, कुरआन; हजरत मूसा, दाऊद, ईसा (अ.) आणि मुहम्मद (स.). दोन्ही बाजूंना चार-चार नावे असतील तर तीन माहीत असणाऱ्याला चौथे फुकट मिळते. म्हणून उजव्या बाजूला हजरत यूसुफ (अ.) हे पाचवे नाव घातले. प्रत्येक जोडीला अर्धा गुण, आणि आता चौथा अर्धा गुणही कमवावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ अखलाकच्या सहा गुणांनी घेतला. "खरे बोलावे का?" असे विचारले तर सत्तावीसही मुले होय लिहितील आणि आपल्याला काहीच कळणार नाही. उत्तर काय अपेक्षित आहे हे ज्या प्रश्नातच दिसते तो प्रश्न मोजतच नाही. म्हणून तीन गुणांचा प्रसंग घेतला : दुकानदाराने चुकून पन्नास रुपये जास्त परत दिले. सोबतचा मित्र म्हणतो, त्याची चूक आहे, ठेवून घे, मशिदीच्या पेटीत टाकू. तुम्ही त्याला काय सांगाल? इथे "परत करीन" एवढ्याला एकच गुण. ते पैसे दुकानदाराचे आहेत, आपल्याकडे अमानत आहेत, आणि दुसऱ्याच्या पैशातून केलेले दान आपले होत नाही, या दोन कारणांना एकेक. मशिदीच्या पेटीचे वाक्य मुद्दाम घातले. त्याने प्रश्न खरा झाला, कारण मुलाला दोन चांगल्या वाटणाऱ्या गोष्टींतून निवड करावी लागते.

आणखी एक नियम आम्ही लिहून भिंतीवर लावला : मुलाच्या स्वतःच्या आचरणावर गुण नाहीत. "तू दिवसातून किती नमाजा पढतोस?" हा प्रश्न कुणीतरी सुचवला होता. त्याचे उत्तर मूल एक तर खोटे देईल आणि दीनच्या पेपरात खोटे बोलायला शिकेल, नाही तर खरे देईल आणि त्याच्यामुळे त्याचे घर उघडे पडेल. कागदावर आपण मुलाची जाण मोजू शकतो. त्याच्या दिलातली नियत आणि ईमान मोजण्याचे काम आमचे नाही आणि त्याला चाळीसपैकी आकडा देता येत नाही.

जे कागदावर येतच नाही, पण पाहता येते, त्यासाठी दहा गुण वेगळे ठेवले. पाच वुजू करून दाखवण्याचे आणि पाच तिलावतीचे. वुजूची यादी सोपी : चेहरा पूर्ण धुतला, हात कोपरांसह धुतले, डोक्याचा मसह केला, पाय घोट्यांसह टाचा भिजतील असे धुतले, आणि नळ वाया सोडला नाही. पहिल्या चार गोष्टी दोन्ही मसलकांत आवश्यक आहेत. पाचवी सर्वांची सुन्नत आहे. दोन जणांनी वेगवेगळे पाहायचे आणि नंतर आकडे जुळवायचे. मुलाने वुजूचे वर्णन लिहिले म्हणून त्याला वुजू येते असे होत नाही, आणि लिहिता आले नाही म्हणून येत नाही असेही होत नाही. टाचा कोरड्या राहतात की नाही, हे नळापाशी उभे राहिल्यावरच दिसते.

भाषेबाबतही ठरवून घेतले. प्रश्न मराठीत, उत्तर मराठीत किंवा उर्दूत, जसे मुलाला जमेल. नमाज, नमाझ, निमाज, कसेही लिहिले तरी गुण जात नाही. अरबी शब्दाचे स्पेलिंग तपासणे हा या परीक्षेचा हेतू नव्हता.

परीक्षा झाली. गुण लावल्यावर काम संपते असे आपण समजतो, पण आपांनी अजून एक तास बसवले. सत्तावीस उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे लावल्या. वरच्या नऊ एका बाजूला, खालच्या नऊ दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येक प्रश्न दोन्ही गठ्ठ्यांत किती जणांना आला ते मोजले. चांगला प्रश्न वरच्या गठ्ठ्यात जास्त आलेला असतो. ग्रंथांच्या जोड्या वरच्या नऊमध्ये सर्वांना आल्या, खालच्या नऊमध्ये चौघांना. सूरह फातिहाच्या सात आयती सत्तावीसही जणांनी बरोबर लिहिल्या. असा प्रश्न मुलांना एकमेकांपासून वेगळे करत नाही, पण पहिला प्रश्न म्हणून त्याची जागा आहे; त्याने हाताचा थरकाप थांबतो. खालच्या गठ्ठ्याला एखादा प्रश्न वरच्यापेक्षा जास्त आला असता तर त्याच्या भाषेत काहीतरी संदिग्ध आहे असे समजायचे होते. तसा एकही निघाला नाही.

जमातीच्या प्रश्नाने मात्र डोळे उघडले. सत्तावीसपैकी अकरा जणांनी दोन रकाती लिहिल्या. नऊ जणांनी लिहिले की इमामाबरोबरच सलाम फेरायचा. हे नऊही जण जुम्म्याला मशिदीत येतात. म्हणजे जमातीत उशीर झाला की ते काय करत असतील, ते आम्हाला त्या दिवशी कळले. पुढच्या रविवारी वर्गातच सफ लावली, एका मुलाला इमाम केले, आणि बाकीच्यांना दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रकातीत एकेक करून सामील होऊ दिले. अर्ध्या तासात सगळ्यांना समजले. सन विचारणारा प्रश्न असता तर ही उणीव आणखी कित्येक वर्षे दिसली नसती.

त्या मुलाबद्दल विचाराल. त्याला लेखी परीक्षेत पंचवीस मिळाले आणि प्रात्यक्षिकात आठ. सीरतमध्ये आठपैकी तीनच. सन अजूनही येत नाहीत आणि तिथे त्याला सूट दिली नाही. सुरहांच्या अर्थातही तो कच्चा आहे, सहापैकी दोन. इबादतमध्ये चौदापैकी अकरा, अखलाकमध्ये सहापैकी पाच, अकाइदमध्ये चार. या वेळी त्याच्या अम्मीला काय सांगायचे ते आम्हाला माहीत होते : सूरह अल-अस्रचा अर्थ घरी रोज एकदा म्हणून घ्या आणि सीरतची गोष्ट रात्री सांगा, सन मागाहून बघू.

निकालाच्या चिठ्ठीवर म्हणूनच आम्ही एकच आकडा लिहिला नाही आणि क्रमांकही लावले नाहीत. प्रत्येक मुलाच्या चिठ्ठीवर पाच घटकांच्या पाच ओळी आणि प्रात्यक्षिकाच्या दोन. एका वडिलांनी विचारले, "बेरीज कुठे आहे?" मौलाना साहेबांनी त्यांना बसवून ओळी दाखवल्या. मुलगी सीरतमध्ये पूर्ण होती आणि वुजूमध्ये पाचपैकी दोन. वडील थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे तर नळावर शिकवायचे काम. ते मी करतो."

पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात आम्ही अखलाकला तीन तासिका वाढवल्या आहेत आणि त्या सीरतमधून घेतल्या आहेत. म्हणजे पुढच्या प्रश्नपत्रिकेत अखलाकला आठ गुण असतील, सीरतला सहा. तो आकडा आम्ही वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवला आहे.